मशीन हवाच देतं, मग बीपी का पडतं?

ऑगस्टमधली पहाट. परभणी जिल्ह्यातला एक चाळिशीचा शेतमजूर शेतातल्या आखाड्यावर जमिनीवर गोधडी टाकून झोपला होता. चारच्या सुमारास पोटात कळ येऊन तो उठला, दोनदा उलटी झाली. अंगावर सूज नाही, दंशाची खूण नाही, म्हणून घरच्यांना वाटलं की अपचन झालं असेल. सात वाजता पापण्या उचलेनात. नऊपर्यंत थुंकी गिळता येईना आणि आवाज नाकात गेला. मण्यार चावल्याचं हे ठरलेलं चित्र आहे. तिचे दात इतके बारीक असतात की झोपेतल्या माणसाला बहुतेक वेळा कळतही नाही.

आमच्याकडे पोचला तेव्हा तो शुद्धीवर होता, पण छाती जेमतेम हलत होती. नाडी 118, बीपी 112/74. प्रतिसर्पविष सुरू केलं. पण मण्यारीचं विष स्नायूंना हुकूम देणाऱ्या नसांच्या टोकांनाच इजा करतं आणि एकदा इजा झाली की औषधाने ती लगेच भरून येत नाही. टोकं पुन्हा कामाला लागेपर्यंत श्वास दुसऱ्या कुणीतरी चालवावा लागतो. झोपेचं औषध देऊन श्वासनलिकेत नळी घातली आणि मदतनिसाने नळीला जोडलेली हवेची पिशवी हाताने दाबायला सुरुवात केली. ऑक्सिजन लगेच सुधारला. आणि पाच मिनिटांत बीपी 70/40 वर आलं.

दारात उभ्या असलेल्या पुतण्याला मॉनिटर दिसत होता. तो म्हणाला, "साहेब, मशीन हवाच देऊलालंय न्हवं? मग बीपी कामून पडलं?"

मी भूलतज्ज्ञ आहे. आयसीयूच्या दारात विचारला जाणारा इतका नेमका प्रश्न मी क्वचितच ऐकला आहे. त्याचं उत्तर फुफ्फुसात नाही, फुफ्फुसांच्या शेजारी बसलेल्या हृदयात आहे.

आधी आपला रोजचा श्वास पाहू. लोहाराचा भाता उघडताना त्यात कुणी हवा ढकलत नाही. भाता फाकतो, आतली जागा वाढते, हवा आपसूक ओढली जाते. छातीचंही तसंच आहे. पोट आणि छाती यांच्यामधला स्नायूचा पडदा खाली सरकतो, बरगड्या फाकतात आणि अर्धा लिटरभर हवा आत येते. फुफ्फुस आणि छातीची भिंत यांच्यामधल्या फटीत एरवीही दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमीच असतो. पाण्याच्या स्तंभाच्या उंचीत मोजला तर साधारण उणे 5 सेंटिमीटर. श्वास घेताना तो उणे 8 पर्यंत उतरतो. या फटीला लागूनच हृदय असल्यामुळे ही ओढ त्यालाही लागते.

व्हेंटिलेटर नेमकं उलटं करतो. तो सायकलच्या पंपासारखी हवा ढकलतो. पडदा शिथिल पडलेला असतो, त्यामुळे फुफ्फुस आतून फुगतं आणि फुगताना सगळ्या छातीला बाहेर रेटतं. मशीन 14 सेंटिमीटर दाबाने हवा देत असेल, तर निरोगी फुफ्फुसात त्यातला अंदाजे निम्मा दाब त्या फटीत उतरतो. जिथे श्वासाच्या शेवटी उणे 8 असायचं तिथे आता अधिक 2 होतं. आत गेलेली हवा जवळपास तेवढीच असते. बदललं ते हृदयाभोवतीचं हवामान. पूर्वी प्रत्येक श्वासाला हृदयाला ओढ मिळायची, आता प्रत्येक श्वासाला दाब बसतो.

दहा सेंटिमीटरचा फरक तसा किरकोळ वाटतो. धमन्यांमधला सरासरी दाब याच मापात सव्वाशे सेंटिमीटरच्या आसपास असतो, त्यापुढे दहाची काय मातब्बरी? पण रक्त हृदयातून बाहेर पडतं ते मोठ्या दाबाने आणि परत येतं ते अगदी हलक्या उताराने. शरीरभरच्या शिरांमध्ये साठलेल्या रक्ताचा सरासरी दाब साधारण 10 सेंटिमीटर आणि हृदयाच्या उजव्या कप्प्यातला साधारण 2. म्हणजे सगळं रक्त परत आणणारा उतार जेमतेम 8 सेंटिमीटरचा, चहाच्या कपाच्या उंचीएवढा.

जायकवाडीच्या कालव्याखालच्या शेतकऱ्याला हे जास्त समजावून सांगावं लागणार नाही. पाटचारीचं पाणी कुणी ढकलत नाही, ते उतारावर येतं. चारीच्या तोंडाशी वावराची माती वीतभर उंच झाली तर कालव्यात पाणी असूनही वावर कोरडं राहतं. पाणी मागे तुंबून त्याची पातळी वाढली तरच पुन्हा वाहू लागतं. छातीत वाढलेला दाब उजव्या कप्प्याशी हेच करतो. पूर्ण दाब हृदयाच्या आत पोचत नाही, पण समजा 3 सेंटिमीटर पोचला. कप्प्यात 2 च्या जागी 5 झाले, उतार 8 वरून 5 वर आला. परत येणारं रक्त त्याच प्रमाणात घटलं. हृदयाला मिळेल तेवढंच रक्त ते पुढे ढकलू शकतं.

मग व्हेंटिलेटर लावलेल्या प्रत्येकाचं बीपी का पडत नाही? कारण धडधाकट शरीर मागची पातळी वाढवतं. शिरा आवळतात, 10 चे 12-13 होतात आणि उतार बऱ्याच अंशी सावरतो. या माणसाच्या बाबतीत ती वाट दोन्हीकडून बंद होती. पहाटेपासून उलट्या, आणि गिळता येत नसल्याने पाण्याचा घोटही नाही. बीपी 112 दिसत होतं ते शिरा आधीच आवळून धरल्यामुळे. 118 ची नाडी तेच सांगत होती. अशा वेळी आम्ही दिलेल्या झोपेच्या औषधाने त्या शिरा सैल सोडल्या. मागची पातळी 10 वरून 7 वर आली असं धरा. पुढे 5. उतार उरला 2.

त्यात पिशवी फार भरभर दाबली जात होती. मी मोजलं तर मिनिटाला 30 वेळा. रुग्ण गंभीर दिसला की हात आपोआप भराभर चालतो, मदतनिसाचा त्यात दोष नाही. पण हवा आत ढकलली जाते तो रक्ताच्या परतीचा अडलेला काळ असतो आणि हवा बाहेर पडते तो मोकळा काळ. श्वास वाढवत नेले की मोकळा काळ संपत जातो. आधीची हवा पुरती बाहेर पडण्याआधीच पुढची आत येते आणि छातीतला दाब थराथराने चढतो. दम्याच्या रुग्णात याच चुकीने नाडी पूर्ण हरवू शकते.

ही गोष्ट नवी नाही. हृदयाचे अभ्यासक आंद्रे कुर्नाँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यूयॉर्कमध्ये 1948 साली माणसांवर दाबाने श्वास देऊन हृदयातून दर मिनिटाला बाहेर पडणारं रक्त मोजलं होतं. दोन श्वासांच्या मध्ये दाब झटकन खाली येऊ दिला आणि उच्छ्वासाला श्वासापेक्षा जास्त वेळ दिला, तर रक्तप्रवाह सर्वांत कमी बिघडतो, असं त्यांना दिसलं. 1952 मध्ये कोपनहेगनला पोलिओची साथ आली तेव्हा विद्यार्थ्यांनी आळीपाळीने पिशव्या दाबून रुग्ण जगवले आणि छातीबाहेरून ओढ देणाऱ्या लोखंडी पेट्यांची जागा हळूहळू ढकलणाऱ्या मशीनने घेतली.

आता त्या सकाळी आम्ही काय केलं ते सांगतो. बीपी पडण्याची दुसरी कारणं आधी पाहावी लागतात. नळी जागेवर आहे का, दोन्ही बाजूंना हवा सारखी जाते का, फुफ्फुस फुटून हवा छातीत अडकली नाही ना? एका बाजूला आवाज नसता, मानेच्या शिरा तटतटून फुगल्या असत्या, तर वेगळीच धावपळ करावी लागली असती. दोन्हीकडे आवाज स्वच्छ होता आणि मानेच्या शिरा सपाट. म्हणजे टाकी रिकामी. मग पिशवी नळीपासून दहा सेकंद सोडवली आणि मनगटावर बोट ठेवलं. त्या दहा सेकंदांत नाडी बोटाखाली भरून आली. दाब हटताच रक्त परतलं. या साध्या तपासणीला कुठलंही यंत्र लागत नाही, म्हणून मी तालुक्याच्या ठिकाणी काम करणाऱ्या प्रत्येक तरुण डॉक्टरला ती करून दाखवतो.

श्वास मिनिटाला 14 वर आणले. दोन्ही पाय उचलून धरले. पायांतलं पाव लिटरच्या आसपास रक्त छातीकडे येतं आणि ही उधारी लगेच उपयोगी पडते. तोवर सलाइनची अर्धा लिटरची बाटली वेगाने सोडली. मशीनवर प्रत्येक श्वासाला 430 मिलिलिटर हवा ठेवली. वीस मिनिटांत बीपी 104/66 झालं.

उच्छ्वासाच्या शेवटी मात्र आम्ही दाब शून्यावर आणला नाही, 5 सेंटिमीटर ठेवला. याला आम्ही पीप म्हणतो. हृदयाच्या दृष्टीने शून्य बरं, मग 5 का? कारण पडदा शिथिल असताना उताण्या माणसाच्या पाठीकडचं फुफ्फुस पोटाच्या भाराखाली दबून मिटतं. स्वतः श्वास घेताना पडद्याचा तोच मागचा भाग सर्वांत जास्त हलतो, ढकललेली हवा मात्र सोप्या वाटेने वरच्या, पुढच्या भागात जाते. थोडा दाब सतत ठेवला की फुफ्फुसातले मागचे हवेचे बारीक फुगे उघडे राहतात. फुफ्फुसासाठी पीप वाढवावा तर हृदयाला परतीचं रक्त कमी पडतं, आणि हा हिशेब प्रत्येक रुग्णात नव्याने मांडावा लागतो.

हाच दाब दुसऱ्या एका रुग्णात औषधासारखा काम करतो, हे सांगायलाच हवं. लाल विंचू चावल्यावर कधी कधी हृदय थकतं आणि फुफ्फुसात पाणी भरतं. जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी या विषावर प्राझोसिन हे औषध रुजवलं. अशा रुग्णात श्वास कष्टाचा झाला तर दाबाने दिलेली हवा डाव्या हृदयाचा भार हलका करते. छातीतला दाब हृदयाला बाहेरून पिळतो, म्हणजे शरीराकडे रक्त ढकलताना हृदयाला तितकी मदतच होते. परत येणारं रक्त घटतं तेही तिथे हवंच असतं, कारण फुफ्फुसं आधीच तुंबलेली असतात. मण्यारीच्या रुग्णाचं जे नुकसान करतं ते विंचवाच्या रुग्णाला तारतं.

मशीन काढतानाही छातीत तितकाच मोठा पालट होतो, उलट दिशेने. दाब जातो, ओढ परत येते, रक्त हृदयाकडे लोटतं. हृदय कमकुवत असेल तर मशीन सुटल्यावर तासाभरात फुफ्फुसं भरलेली आम्ही पाहिली आहेत. या शेतमजुराचं हृदय ठणठणीत होतं, तेव्हा ती भीती नव्हती. भीती होती ती त्याला सगळं ऐकू येत असण्याची. मण्यारीच्या विषाने माणूस डोळेही उघडू शकत नाही, पण शुद्ध जात नाही. म्हणून झोपेचं औषध थोडं चालू ठेवलं आणि पुतण्या रोज सकाळी कानाशी बसून सोयाबीनची खबर देत राहिला.

चौथ्या दिवशी सकाळी मी मशीनच्या पडद्यावरची दाबाची रेष बघत होतो. तीन दिवस ती 5 वरून 14 कडे चढायची आणि परत 5 वर यायची, एकसारखी. त्या दिवशी चढण्याआधी ती किंचित खाली वाकली. 5 वरून 3 वर, मग मशीनने हवा दिली. छातीतून कुणीतरी हवा ओढली होती. मी पुतण्याला बोलावून ती रेष बोटाने दाखवली.

"हे खाली गेलं ते?"

"ते तुझ्या काकाने केलं," मी म्हणालो. पुढच्या श्वासाला रेष पुन्हा वाकली.