अक्षरांखाली दडलेली सुरकुती

गडद निळ्या टी-शर्टवरचे पांढरे घोषवाक्य छायाचित्रातून काढताना त्यावर शेजारचा निळा रंग फासण्याचा मोह होतो. पण तसे केले की छातीवरची सुरकुती तेवढ्या जागी तुटते आणि सपाट ठिगळ दिसू लागते. वास्तविक ती सुरकुती पुसलेली नसते. कॅमेऱ्याने टिपलेली उजळता म्हणजे त्या जागी पडलेला प्रकाश आणि पृष्ठभाग त्यातला जेवढा भाग परत फेकतो तो अंश, यांचा गुणाकार होय. शाई दुसरा घटक बदलते, पहिला नाही.

समजा, उजेडातल्या कापडाची निळ्या रंगवाहिनीतली उजळता ०.१० आणि लगतच्या पांढऱ्या शाईची ०.८० आहे, म्हणजे शाई आठपट उजळ आहे. सुरकुतीच्या सावलीत शाई ०.४० भरली, तर तिला आठाने भागून तिथल्या कापडाची उजळता ०.०५ येते आणि सावली जशीच्या तशी उरते. लाल व हिरव्या वाहिन्यांसाठी हे गुणोत्तर वेगळे असल्याने ते स्वतंत्रपणे मोजावे लागते. मात्र फाइलमधले आकडे प्रकाशाच्या सम प्रमाणात नसतात (० ते २५५ या मापावरचा १२८ हा आकडा जेमतेम २२ टक्के प्रकाश दर्शवतो), म्हणून भागाकारापूर्वी त्यांचे रेषीय मूल्यांत रूपांतर करणे आवश्यक असते. शाईच्या थराखाली झाकलेली विणीची जाळी मात्र या गणिताने परत येत नाही. ती शेजारच्या कापडावरून उसनी घ्यावी लागते.

पांढऱ्या टी-शर्टवरची काळी छपाई काढणे याहून पुष्कळ अवघड असते. तिथे भागण्याऐवजी गुणावे लागते आणि काळ्या शाईवरून कॅमेऱ्यात मुळातच थोडा प्रकाश आलेला असल्याने त्यातला खरखरीत दाणाही तितक्याच पटीने वाढतो. उलट पांढरी शाई २५५ ला जाऊन थडकली असेल, तर सावलीचा मागमूसच उरत नाही आणि भागाकार निरुपयोगी ठरतो.

खरी परीक्षा अक्षरांच्या कडेला होते. तिथला पिक्सेल अर्धा शाईचा, अर्धा कापडाचा असतो. शिवाय जेपीईजीमध्ये रंगाची माहिती बहुधा दोन बाय दोन पिक्सेलांना मिळून एकदाच साठवली जात असल्याने रंगीत अक्षरांची छटा बाहेर पसरते. म्हणून काढताना निवड दोन-तीन पिक्सेल बाहेर वाढवावी. चित्राची तीव्रता तात्पुरती वाढवून पाहिल्यास राहिलेली अस्पष्ट बाह्यरेषा लगेच उघडी पडते.

अक्षरे राखून फक्त कापडाचा रंग बदलायचा असेल, तर याच कडेच्या पिक्सेलांत शाईचा वाटा किती हे ठरवून केवळ उरलेला वाटा रंगवावा लागतो, नाहीतर पिवळ्या केलेल्या टी-शर्टवर प्रत्येक अक्षराभोवती जुन्या निळ्याची किनार राहते. अर्थात, किनार नीट साधली तरी पिवळ्यावर पांढरे घोषवाक्य वाचताच येत नाही; तेव्हा शाईलाही त्याच गुणोत्तराच्या हिशेबाने गडद करावे लागते.