उशिरा झालेली ऑर्डर: विमानाने आणायची की जहाजाची वाट पाहायची?

पुरवठादाराचा निरोप येतो की माल तीन आठवडे उशिरा तयार होईल, आणि खरेदी विभागात ठरलेला वाद सुरू होतो. विक्रीवाले म्हणतात, सगळा माल विमानाने आणा. हिशेबवाले विमानाचं भाडं दाखवून म्हणतात, जहाजच बरं. हा वाद आजचा नाही. त्याची दोन्ही टोकं 1956 सालात सापडतात.

त्या वर्षी 26 एप्रिलला माल्कम मॅक्लीन यांचं ‘आयडियल एक्स’ हे जहाज 58 कंटेनर घेऊन अमेरिकेतल्या न्यूअर्कहून ह्यूस्टनला निघालं. सागरी वाहतूक पुढे इतकी स्वस्त झाली की दूरदेशी माल बनवून घेणं परवडू लागलं, त्याची ही सुरुवात. त्याच वर्षी हार्वर्डच्या लुइस, कलिटन आणि स्टील या तिघांनी हवाई मालवाहतुकीचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांचं म्हणणं असं की, भाड्याला भाडं लावून पाहिलं तर विमान नेहमीच हरणार. पण वाटेत अडकलेला पैसा, गोदाम, राखीव साठा आणि हातची जाणारी विक्री हे सगळं एकाच बेरजेत धरलं, तर काही मालासाठी महाग भाडं एकूण खर्च कमी करतं. ‘एकूण खर्च’ पाहण्याची ही पद्धत पुढे लॉजिस्टिक्सच्या अभ्यासाचा पाया झाली.

1960च्या दशकात साठ्याचं गणित मांडणाऱ्यांनी यावर दुसरा थर चढवला. एकाच मालासाठी दोन वाटा आहेत, एक संथ आणि स्वस्त, दुसरी जलद आणि महाग. मग कोणत्या वाटेने किती मागवायचं? प्रश्न ‘विमान की जहाज’ असा राहिला नाही, ‘विमानाने किती’ असा झाला. माझ्या मते या विषयात खरा फरक इथेच पडतो, आणि घाईच्या बैठकीत नेमका हाच विसरला जातो.

एक उदाहरण सोडवून पाहू. चलन कोणतंही असो, एका नगाची विक्री किंमत 100 धरा. खरेदी 55, विक्रीमागचे इतर खर्च 8, सागरी भाडं 2. म्हणजे जहाजाने आलेल्या नगामागे 35 उरतात. खोक्यासह नगाचं वजन 800 ग्रॅम, घनफळ 0.006 घनमीटर. विमानात एका घनमीटरला साधारण 167 किलो वजन धरून आकारणी होते, म्हणून हा नग काट्यावर 800 ग्रॅम भरला तरी बिल एक किलोचं येतं. खोकं नुसतं घट्ट बांधून घेतलं तरी इथे पैसे वाचतात, पण घाईत ते कोणाला सुचत नाही. किलोला 14 भाडं धरलं, तर जहाजाच्या तुलनेत नगामागे 12 जादा.

ऑर्डर 6,000 नगांची आहे. माल आठवड्याभरात तयार होईल. तिथून आपल्या गोदामापर्यंत जहाजाने सहा आठवडे, विमानाने दोन. विमान प्रत्यक्ष उडतं काही तासच, बाकीचा वेळ जागा मिळवणं, कागदपत्रं आणि कस्टम यांत जातो. हातात 1,500 नग आहेत आणि आठवड्याला 500 विकले जातात. साठा तिसऱ्या आठवड्याअखेर संपतो, विमानाचा माल तेव्हाच पोहोचतो, जहाजाचा सातव्या आठवड्याअखेर. मधलं भगदाड चार आठवड्यांचं, म्हणजे 2,000 नगांचं.

आता बुडालेली विक्री. 2,000 गिऱ्हाइकं रिकाम्या हाती जातील असं धरणं चूक. समजा जुन्या नोंदींवरून दिसतं की अशा वेळी 30 टक्के लोक थांबतात, 20 टक्के आपलाच तेवढाच नफा देणारा दुसरा माल घेतात आणि निम्मे दुसरीकडे जातात. म्हणजे विक्री बुडते 1,000 नगांची, आणि नुकसान 1,000 गुणिले 35, म्हणजे 35,000. विक्री किंमत धरून एक लाख म्हणणारा माणूस विसरतो की न विकलेला नग गोदामात शिल्लक राहतो आणि पुढे विकला जातो.

सगळे 6,000 नग विमानाने आणले तर जादा खर्च 72,000. हे स्वस्थ बसण्यापेक्षा दुपटीहून महाग. फक्त 2,000 आणले तर 24,000, म्हणजे वाट पाहण्यापेक्षा 11,000 ने स्वस्त. भांडणारे दोन्ही विभाग चुकीचे ठरतात, कारण दोघेही अख्ख्या ऑर्डरबद्दल बोलत असतात.

अजून एक बारकावा आहे. विमानाने आणलेला प्रत्येक नग सरासरी 17.5 वाचवतो, पण त्या चार आठवड्यांत तो विकला गेला तरच. विक्री मंदावली तर शेवटच्या काही नगांवरचे 12 वाया गेले. बाराला साडेसतराने भागलं की 0.69 येतं. म्हणजे जो नग लागण्याची शक्यता सुमारे 70 टक्क्यांहून कमी, तो विमानात चढवू नये. मागणीत बरीच चढउतार असेल तर आकडा 2,000 वरून 1,800 च्या आसपास येतो. हंगामी मालाला मात्र हे गणित जसंच्या तसं लागू होत नाही. सण उलटल्यावर नग 40 ला काढावा लागणार असेल, तर नुकसान 35 नाही, 60 धरावं लागतं, आणि विमानाचं पारडं एकदम जड होतं.

भाड्यातलं अंतरही स्थिर नसतं. 2020 मध्ये प्रवासी विमानं जमिनीवर आली आणि त्यांच्या पोटातून जाणारी, हवाई मालाची जवळजवळ निम्मी जागा नाहीशी झाली. हवाई दर भडकले. पण 2021 मध्ये कंटेनरचे दर त्याहून जोरात चढले. साथीआधी हवाई वाहतूक सागरीच्या सुमारे बारापट महाग होती, ती त्या वर्षी तिप्पटीच्या जवळ आली, असं आयाटा या विमान कंपन्यांच्या संघटनेने नोंदवलं. 2023 अखेरीस तांबड्या समुद्राऐवजी आफ्रिकेला वळसा सुरू झाला, तेव्हा आशिया-युरोप फेरीत दहा ते चौदा दिवसांची भर पडली. पहिल्या वेळी बदललं नगामागचं जादा भाडं, दुसऱ्या वेळी भगदाडाची रुंदी. वरच्या गणितात हे दोनच आकडे दर वेळी नव्याने विचारून घ्यावे लागतात.

राहता राहिला प्रश्न, पैसे कोणी भरायचे. खरेदीच्या करारात बहुधा लिहिलेलं असतं की माल ठरल्या तारखेला जहाजावर चढला नाही तर विमानाचा फरक पुरवठादाराचा. मग खरेदीदार बेधडक सहाच्या सहा हजार विमानाने मागतो, आणि पुरवठादार तो खर्च पुढच्या दरात वसूल करतो. त्याआधी वाद होतो तो तारखेवर. पुरवठादार नमुन्याला मंजुरी कधी मिळाली तो ईमेल काढून दाखवतो, आणि तीन आठवड्यांपैकी दोन खरेदीदाराच्याच टेबलावर गेलेले निघतात.