सिगारेट, कापूस आणि रात्रीची आग

दिवाळीच्या आगेमागे मराठवाड्यात कापसाची वेचणी जोरात असते. भाव पडलेला असला की शेतकरी माल विकायला काढत नाही, घरातच भरून ठेवतो. पुढच्या खोलीत, माळवदाखाली, जागा कमी पडली तर झोपायच्या खोलीतही कापूस असतो आणि त्याच्याच कडेला अंथरूण पडतं. अंथरूणही कापसाचंच. खाली पिंजाऱ्याकडून भरून घेतलेली गादी, वर जुन्या लुगड्यांची वाकळ. अशा घरात कुणी पडल्या पडल्या सिगारेट ओढत असेल, तर आगीला लागणारं सगळं सामान तिथं आधीच मांडलेलं असतं.

पूर्वी खेड्यात सिगारेट कमी आणि बिडी जास्त. तेंदूच्या पानाची बिडी सतत झुरके घेतले तरच चालते. दोन मिनिटं गप्पांत गेली की ती बहुधा विझते, म्हणून बिडी ओढणारा काडेपेटी हाताशी ठेवतो. बिडी निर्धोक असते असं नाही. पेटतं टोक वाळल्या कडब्यावर पडलं तर तेवढंही पुरतं. पण हातातून गळून पडलेली बिडी आपोआप विझण्याची शक्यता बरीच असते. सिगारेटचं उलट आहे. निजामाच्या राज्यात हैदराबादची चारमिनार इकडच्या बाजारात आली, मग इतर छाप आले. या कारखानी सिगारेटी न ओढताही जळत राहतात. त्यांचा कागद हवा आत घेणारा असतो आणि तो एकसारखा जळावा म्हणून त्यात सायट्रेटसारखे क्षार मिसळलेले असतात. गिऱ्हाइकाला पुन्हा पुन्हा काडी ओढावी लागू नये, हा त्यामागचा हेतू. झुरका घेताना टोकाचं तापमान ९०० अंश सेल्सियसच्या आसपास जातं. नुसती ठेवून दिलेली सिगारेटही सुमारे दहा-पंधरा मिनिटं जळत राहते.

आता कापूस. त्याला ज्वाळेचीच गरज असते असं नाही, तो नुसता धुमसतही राहू शकतो. पूर्वी पानटपरीला सुंभाची पेटती दोरी टांगलेली असे. गिऱ्हाईक तिच्या लाल टोकावर बिडी-सिगारेट पेटवून घेई. ज्वाला कधी दिसत नसे, पण दोरी जळत जळत वर सरकत राही. गादीतल्या कापसात हेच होतं. धाग्यांच्या मधे हवा असते, धाग्यांमुळे उष्णता बाहेर पडत नाही, आणि जळून उरलेला कोळसा पुढच्या कापसाला तापवतो. नव्या फोमच्या गाद्यांचं वागणं वेगळं. नुसता फोम सिगारेटनं सहज धुमसत नाही, पण त्यावर सुती खोळ किंवा चादर असली तर धुमसतो, आणि ज्वाला लागली की कापसापेक्षा फार वेगानं जळतो, विषारी धूर सोडतो.

एक रात्र डोळ्यासमोर आणा. जालन्याकडचा एखादा माणूस दिवसभर मोंढ्यात हमाली करून आलाय, दोन घोट घेतलेत, अकराच्या सुमारास गादीवर आडवा होऊन सिगारेट पेटवतो. चौथ्या-पाचव्या झुरक्याला डोळा लागतो. सिगारेट बोटांतून सुटते आणि गादी व वाकळ यांच्या फटीत जाते. उघड्यावर पडली असती तर तिची बरीच उष्णता हवेत गेली असती. फटीत ती दोन्ही बाजूंनी कापसाला मिळते. सिगारेट संपेपर्यंत खोळीवर तपकिरी डाग आणि खाली लिंबाएवढा निखारा झालेला असतो. पुढे तो मिनिटाला काही मिलिमीटर या चालीनं पसरतो. तासाभरात वीतभर भाग आतून काळा पडतो, तरी वरून भोकाच्या कडा आणि धुराची बारीक रेघ एवढंच दिसतं.

या तासाभरात माणसाला मारतो तो कार्बन मोनॉक्साइड. धुमसणाऱ्या कापसाला हवा पुरत नाही, म्हणून हा वायू भरपूर तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. धुराला वास असतो, पण झोपेत वासानं जाग येईलच असा भरवसा नाही. पोटात दारू असली तर आणखीच नाही. थंडीत दारं-खिडक्या बंद असतात, खोली लहान असते. भाजल्याची एकही खूण नसलेला माणूस सकाळी मृत सापडतो तो यामुळे. भडका होतो तो कधी तासाच्या आत, कधी तीन-चार तासांनी, कधी होतही नाही. अनेकदा तो दार उघडल्यावर, म्हणजे नवी हवा आत आल्यावर होतो.

पाश्चात्त्य देशांत या प्रकारावर उपाय दोन वाटांनी आले. पहिली वाट गादीची. अमेरिकेत १९७३ पासून गाद्यांना सिगारेटची कसोटी लागू झाली. पेटत्या सिगारेटी उघड्या गादीवर आणि दोन चादरींच्या मधे ठेवायच्या, आणि करपणं सिगारेटपासून दोन इंचांपलीकडे गेलं तर गादी नापास. कापसाच्या गाद्या या कसोटीत टिकाव्यात म्हणून कापसाला बोरिक ॲसिड लावलं जाऊ लागलं. आपल्याकडे गल्लीत धुनकी घेऊन येणाऱ्या पिंजाऱ्यानं भरलेल्या गादीला अशी कसोटी कोण लावणार?

दुसरी वाट सिगारेटचीच, आणि ती फार लांबली. १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या वेस्टवुड इथं सिगारेटमुळे घराला आग लागली आणि त्यात लहान मुलं गेली. तिथले प्रतिनिधी जो मोकली यांनी आपोआप विझणाऱ्या सिगारेटचा कायदा मांडला. १९८४ मध्ये कायदा झाला तो फक्त अभ्यासाचा. १९८७ मध्ये अभ्यासगटानं अशी सिगारेट बनवणं तांत्रिकदृष्ट्या शक्य असल्याचं सांगितलं. प्रत्यक्ष सक्ती मात्र २००४ मध्ये न्यूयॉर्क राज्यात आली, मोकलींच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी. २००५ मध्ये कॅनडानं ती देशभर लावली, २०११ मध्ये युरोपीय संघानं. शक्य आहे हे कळल्यापासून सतरा वर्षं गेली, आणि ती विज्ञानाला लागली नाहीत.

युक्ती साधी आहे. सिगारेटच्या कागदावर दोन-तीन ठिकाणी कमी हवा सोडणारे पट्टे असतात. ओढणारा झुरका घेत असेल तर निखारा पट्टा ओलांडतो. ठेवून दिली तर तिथं हवा कमी पडून विझतो. पण कसोटी आहे गाळणकागदाच्या दहा थरांवर, गादीवर नाही. चाळीसपैकी दहा सिगारेटी शेवटपर्यंत जळल्या तरी छाप पास होतो. शिवाय पट्ट्यापर्यंत पोचायच्या आतच ठिणगी कापसात गेली तर पट्ट्याचा उपयोग नाही. हा कायदा आल्यावर सिगारेटच्या आगीतले मृत्यू घटल्याच्या नोंदी आहेत. त्याच काळात धूम्रपानही घटलं आणि गाद्याही सुधारल्या, त्यामुळे सगळं श्रेय एकट्या कागदाला देता येत नाही.

भारतातला २००३ चा कोटपा कायदा जाहिरात, विक्री, पाकिटावरचा इशारा आणि सार्वजनिक ठिकाणचं धूम्रपान यांच्याभोवती आहे. त्यातल्या नियमांनुसार २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक जागी ओढायला देशभर बंदी आली. तो कायदा फुप्फुसांचा विचार करतो, गादीचा करत नाही. आणि बाहेर ओढता येत नाही म्हटल्यावर ओढणं घरात, गच्चीत, जिन्याखाली सरकतं, हे आपण पाहतोच.

थोटकांचा इतिहास याहून ठसठशीत आहे. ११ मे १९८५ ला इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डच्या फुटबॉल मैदानावर लाकडी स्टँडच्या फटीतून जळतं थोटूक किंवा काडी खाली साचलेल्या कचऱ्यावर पडली आणि ५६ माणसं गेली. १८ नोव्हेंबर १९८७ ला लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकात लाकडी सरकत्या जिन्याच्या फटीतून काडी खालच्या वंगणात आणि धुळीत पडली. ३१ जण गेले. दोन्हीकडे ठिणगी डोळ्याआड, वर्षानुवर्षं न काढलेल्या केरात गेली होती.

आपल्याकडची डोळ्याआडची जागा शोधायला लांब जायला नको. घरातला प्लॅस्टिकचा कचऱ्याचा डबा ही पहिली. रक्षापात्रातली राख वरून पांढरी दिसते, पण राखेखाली निखारा झाकलेला राहतो. ती कागद-कपट्यांवर रिकामी केली की काम झालं. म्हणून पात्र खोल, जड आणि न कलंडणारं हवं, तळाला वाळू किंवा पाणी हवं, आणि ते गादीवर, सोफ्याच्या हातावर ठेवायचं नाही. थोटकं पाण्यात भिजवल्याशिवाय केरात टाकायची नाहीत. गच्चीतल्या कुंडीत थोटूक खोचायची सवय अनेकांना असते. कुंडीत नुसती माती असेल तर ठीक. कोकोपीट असेल आणि मे महिन्यात ते कोरडं पडलं असेल, तर ते कापसासारखंच धुमसतं.

कापसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉलीवर बसून किंवा ट्रकच्या केबिनमधून टाकलेलं थोटूक वाऱ्यानं मागच्या मालावर येतं. ढिगात शिरलेली ठिणगी तासन्‌तास आत राहू शकते. जिनिंगमध्ये घट्ट दाबलेल्या गाठीत तर काही दिवसांनीही आग वर आल्याची उदाहरणं आहेत. घरातल्या ढिगाला करपट वास येत असेल, एखादी जागा पिवळट दिसत असेल किंवा हाताला कोमट लागत असेल, तर ढीग उपसायच्या आधी माणसं आणि जनावरं बाहेर काढावीत, १०१ किंवा ११२ ला फोन करावा आणि पाणी हाताशी ठेवावं. उपसताना आत हवा जाते आणि भडका तेव्हाच होतो.

गादीचंही तसंच. भोक दिसल्यावर तांब्याभर पाणी ओतायचं, गादी उलटी करायची आणि पुन्हा झोपायचं, ही नेहमीची चूक. कापूस वरचं पाणी लगेच आत घेत नाही आणि निखारा खोल असतो. ज्वाला दिसत असेल किंवा खोलीत धूर दाटला असेल तर गादीला हात लावू नये, दार ओढून घेऊन बाहेर पडावं. नुसता डाग आणि बारीक धूर असेल तर ती अंगणात न्यावी, पण वाट मोकळी आणि दार जवळ असेल तरच, कारण ओढताना वारं लागून ती पेटू शकते. अंगणात टाके उसवून काळा कापूस बाहेर काढावा, बादल्यांनी भिजवावा, आणि गादी भिंतीपासून, कडब्याच्या गंजीपासून लांब रात्रभर उघड्यावर राहू द्यावी. घरात कुणी आजारी माणूस ऑक्सिजनच्या यंत्रावर असेल तर त्या खोलीत सिगारेट नकोच: चादरीत आणि केसांत मुरलेला ऑक्सिजन यंत्र बंद केल्यावरही काही वेळ राहतो, आणि एरवी जे फक्त धुमसलं असतं ते अशा वेळी ज्वाळेनं पेटतं.