लिनक्स टाकलं की व्हिडिओ कॉल पळतो? कोण म्हणालं?

आई-बाबांच्या जुन्या लॅपटॉपचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, "विंडोज काढून लिनक्स टाका, पळेल." नक्की काय पळेल, हे कुणी सांगत नाही.

दिसण्या-वापरण्यातला फरक सोडून द्या. लिनक्स मिंट या लिनक्सच्या प्रकारात विंडोजसारखाच खाली डाव्या कोपऱ्यात मेनू असतो आणि डेस्कटॉपवर आयकन ठेवता येतात. काळ्या खिडकीत आज्ञा टाइप करायच्या भीतीला आता फारसा अर्थ नाही.

घोळ होतो तो पुढे. सिस्टीम हलकी असणं वेगळं आणि कॉल हलका असणं वेगळं. लिनक्स मिंट रॅम कमी खातं, हे खरं. पण कॉल लागला की बाबांचं चित्र दाबून लहान करून पाठवायचं आणि नातवाचं आलेलं उलगडून दाखवायचं, हे काम सिस्टीम बदलल्यानं कमी होत नाही. उलट लिनक्सवर काही वेळा ब्राउझर ते ग्राफिक्स चिपकडे न देता सगळं प्रोसेसरवरच टाकतो.

समजा, चौथ्या पिढीचा आय३, ४ जीबी रॅम, हार्ड डिस्क आणि विंडोज १० आहे. गूगल मीटचा कॉल चालू ठेवून टास्क मॅनेजर उघडा. डिस्क सतत १०० टक्क्यांवर असेल, तर रॅम अपुरी पडतेय किंवा मागे काहीतरी डिस्क घुसळतंय. तिथे लिनक्सने फरक पडेल, एसएसडीने त्याहून जास्त. पण डिस्क शांत, प्रोसेसर १०० टक्क्यांवर आणि आवाज तुटतोय, तर सिस्टीम बदलण्यात वेळ घालवू नका. मीटच्या सेटिंग्जमध्ये पाठवायचा आणि येणारा, दोन्ही व्हिडिओ ३६०पी करा. छोट्या पडद्यावर फार फरक दिसत नाही.

मग लिनक्स टाकायचंच कशाला? सुरक्षेसाठी. विंडोज १० चा नियमित सपोर्ट, म्हणजे सुरक्षा अपडेट येणं, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ या प्रोसेसरला अधिकृतपणे चालत नाही. म्हणून माझं मत मिंटला.

एक अट मात्र आहे. घरातले सगळे कॉल व्हॉट्सअॅपवर होत असतील तर थांबा. व्हॉट्सअॅपचं अधिकृत ॲप विंडोजसाठी आहे, लिनक्ससाठी नाही. ब्राउझरमधून कॉल लागतो का, ते आई-बाबांच्याच खात्यावर करून बघा. नसेल लागत आणि ते मीटवर यायला तयार नसतील, तर व्हॉट्सअॅप फोनवरच राहू द्या.

मिंट पेनड्राइव्हवरून, डिस्कला हात न लावता चालवता येतं. तसं चालवून कॅमेरा, माइक आणि वाय-फाय तपासा. जुन्या लॅपटॉपवर बहुधा वाय-फायच रुसतं.