भोंडल्याचं गाणं कुणालाही पहिल्याच फेरात म्हणता येतं, ते कसं?

नवरात्र आलं की सोसायट्यांमधे भोंडल्याची तयारी सुरू होते आणि दरवर्षी कुणीतरी म्हणतंच की आपल्या गल्लीसाठी एक नवीन गाणं हवं, सगळ्याजणींना लगेच म्हणता येईल असं. ते करायच्या आधी जुनी गाणी कशी बांधलीत ते बघायला हवं, कारण ती मुळात याच कामासाठी घडलीत.

भोंडला हा हस्त नक्षत्राचा खेळ. सप्टेंबरच्या शेवटी सूर्य हस्तात जातो, त्या पावसाला हत्तीचा पाऊस म्हणतात आणि रब्बीच्या पेरणीसाठी तो लागतोच, म्हणून पाटावर हत्ती काढून त्याच्याभोवती फेर धरायचा. कोल्हापूर-सांगली-साताऱ्याकडे हाच हादगा, तिथे हत्तींचं चित्र भिंतीवर लावून फळांच्या माळा घालतात. विदर्भात भुलाबाई, खानदेशात गुलाबाई, ती भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत चालते. हादग्याची जुनी रीत म्हणजे पहिल्या दिवशी एक गाणं, दुसऱ्या दिवशी दोन, असं करत सोळापर्यंत, आणि खिरापतीही तशाच वाढत जायच्या. आता बहुतेक ठिकाणी एकाच संध्याकाळी सगळं उरकतात, पण तेव्हा रोज एकच नवीन गाणं कानावर पडायचं आणि आधीची रोज परत म्हटली जायची, त्यामुळे सात-आठ वर्षांच्या मुलीचीही सोळाव्या दिवसापर्यंत सगळी पाठ व्हायची, वहीबिही कुणाला लागायची नाही.

सुरुवात ऐलमा पैलमानं, गणपतीकडे खेळ मांडायची परवानगी मागून. खरी गंमत त्यानंतरच्या गाण्यांत आहे. अक्कण माती चिक्कण माती घ्या. माती सुरेख म्हणून खड्डा खणायचा, खड्डा सुरेख म्हणून जातं रोवायचं, जात्यावर सपीटी, सपीटीच्या करंज्या, करंज्या तबकात, तबकावर शेला, शेला पालखीत आणि पालखी माहेरी. प्रत्येक ओळीचा पहिला अर्धा भाग म्हणजे मागच्या ओळीत नुकतीच आलेली वस्तू, अस्सं जातं सुरेख बाई, अश्शी सपीटी सुरेख बाई. म्हणजे हा अर्धा भाग सगळा फेर आपोआप म्हणतो, कारण तो शब्द आत्ताच ऐकलाय, नवीन फक्त पुढचा अर्धा आणि तो एकीला येत असला तरी भागतं. मला तर वाटतं ही गाणी शिकवावी लागली नाहीत म्हणूनच टिकली.

कारल्याच्या वेलाची बांधणी वेगळी. तिथे सासू अट घालते आणि सून ती पूर्ण करून माहेरी धाडा म्हणते, वेल लाव, मग कळी येऊ दे, मग फूल, मग कारलं, मग भाजी. एकजण सासूची ओळ टाकते, बाकी सगळ्या सुनेची. दर वेळी बदलतो एकच शब्द, आणि माहेरी जाणं एकेक पायरी लांबत जातं ते म्हणता म्हणताच अंगावर येतं. लहान वयात लग्न झालेल्या मुलींना हे मोठ्यानं बोलायची मुभा फेरातच होती, अक्कण मातीच्या शेवटीही सासर द्वाड म्हणून स्पष्ट म्हटलंय.

आता नवीन गाणं करायचं तर हीच साखळी घ्या, मी गल्लीसाठी अशी केली:

अश्शी गल्ली सुरेख बाई, पाट तो मांडावा
अस्सा पाट सुरेख बाई, हत्ती तो काढावा
अस्सा हत्ती सुरेख बाई, माळेनं सजवावा
अश्शी माळ सुरेख बाई, शेजारणीनं द्यावी
अश्शी शेजारीण सुरेख बाई, फेरात बोलवावी
अस्सा फेर सुरेख बाई, नाचून दमावं

दुसऱ्या अर्ध्यात पुढे उचलता येईल असं एकच नाम ठेवायचं. दोन ठेवली, समजा पाटावर हत्ती काढावा, की निम्म्याजणी पाट म्हणतात आणि निम्म्या हत्ती, आणि फेर अडखळतो. नामच नसेल तर साखळी तुटते, म्हणून ती जागा फक्त शेवटी ठेवायची, दमावं मधे उचलायला काही नाही त्यामुळे गाणं संपलं हे न सांगता कळतं. अजून एक, ओळ टाकणारीनं माइक घेऊन लांब उभं राहू नये, फेरातच चालावं, कारण ताल पायांचा असतो आणि लांबून तो चुकला की बायका गाणं सोडून नुसत्या टाळ्या वाजवायला लागतात. शेवटी आडात पडला शिंपला, आमचा भोंडला संपला, आणि मग डबे हलवून खिरापत ओळखायची.