कुत्र्याची भीती आणि तिची उतरंड

1924 साली मानसशास्त्रज्ञ मेरी कव्हर जोन्स यांनी पीटर या लहान मुलाची सशाची भीती घालवली. पीटर आवडीचा खाऊ खात असताना ससा पिंजऱ्यात, बराच लांब ठेवायचा आणि तो घाबरणार नाही इतपतच हळूहळू जवळ आणायचा, असा तो उपचार होता.

दक्षिण आफ्रिकेचे मानसोपचारतज्ज्ञ जोसेफ वोल्पे यांनी पुढे हेच मांजरांवर तपासलं. विजेचा झटका बसलेल्या पिंजऱ्यात मांजरं भुकेली असूनही खात नसत. मग त्या पिंजऱ्याशी फारसं साम्य नसलेल्या खोलीत त्यांना खाऊ घालायचं, आणि ती खाऊ लागली की अधिक साम्य असलेल्या जागी न्यायचं. माणसांसाठी त्यांनी खाण्याऐवजी एडमंड जेकबसन यांचं स्नायू शिथिल करण्याचं तंत्र घेतलं. 1958 च्या पुस्तकात त्यांनी ही पद्धत सविस्तर मांडली. आधी शिथिलीकरण शिकायचं, मग भीतीची उतरंड, म्हणजे कमी भीतीच्या प्रसंगापासून जास्त भीतीच्या प्रसंगापर्यंतची यादी, रचायची आणि शिथिल अवस्थेत एकेक प्रसंग डोळ्यांसमोर आणायचा. अस्वस्थ वाटलं की बोट उचलायचं. मग तो प्रसंग तिथेच थांबवून पुन्हा शिथिल व्हायचं.

खरं कौशल्य उतरंड रचण्यात आहे. किती भीती वाटते त्यानुसार प्रत्येक प्रसंगाला रुग्ण स्वतः 0 ते 100 गुण देतो. कुत्र्याला घाबरणाऱ्या एखाद्या प्रौढाची उतरंड अशी असू शकते:

10 – पिल्लाचा फोटो
20 – भुंकणाऱ्या कुत्र्याचा व्हिडिओ, आवाज बंद
30 – तोच व्हिडिओ, आवाजासह
40 – रस्त्यापलीकडे साखळीतला कुत्रा
50 – तोच कुत्रा दहा पावलांवर
60 – दोन पावलांवर, मालकाने धरलेला
70 – त्याच्या पाठीवर हात
80 – त्याची साखळी आपल्या हातात
90 – खोलीत मोकळा कुत्रा

बहुतेक वेळा गाडी अडते ती मोठ्या उडीमुळे. 40 नंतर थेट 70 ची पायरी ठेवली, तर माणूस भीती शिगेला असतानाच निघून जातो. सुटकेचा दिलासा मिळतो आणि टाळण्याची सवय आणखी पक्की होते. अशा वेळी अंतर, कुत्र्याचा आकार किंवा साखळीची लांबी बदलून मधली पायरी बनवावी. दुसरी चूक ओळखणं अवघड असतं. गुण उतरलेले दिसतात, पण माणूस कुत्र्याकडे बघतच नाही किंवा सोबत्याच्या मागे उभा राहतो. तो आधार काढून तीच पायरी पुन्हा करायला हवी.

नंतरच्या संशोधनात दिसलं, की शिथिलीकरण वगळलं तरी भीती कमी होते. प्रत्यक्ष सामना महत्त्वाचा. म्हणून आज कल्पनेतले प्रसंग सुरुवातीपुरते वापरून लवकर खऱ्या कुत्र्याकडे वळतात. 1989 मध्ये स्वीडनच्या लार्स-ग्योरान ओस्ट यांनी तर सुमारे तीन तासांच्या एकाच सत्राचा उपचार मांडला.

आपल्याकडे हा सराव रस्त्यावरच्या भटक्या कुत्र्यांवर करू नये. लसीकरण झालेला, शांत, माणसाळलेला पाळीव कुत्रा आणि सोबत त्याचा मालक हवा. भटक्या कुत्र्याबाबतची सावधगिरी रास्तच आहे. ती उतरंडीतून पुसायची नसते.