वाटा दिला तरच बँकेतून काम येतं?

“मॅनेजरला फीमधला वाटा दिल्याशिवाय बँक सीएकडे गिऱ्हाईक पाठवत नाही, खरं का?”

नाही. उलट असा वाटा देणं हे सनदी लेखापाल कायदा, 1949 च्या पहिल्या परिशिष्टानुसार व्यावसायिक गैरवर्तन आहे. वकिलाकडून कमिशन घेणंही त्यातच येतं. मॅनेजरनं आपणहून नाव सुचवलं आणि त्याबदल्यात काही दिलं-घेतलं नाही, तर मात्र हरकत नाही.

मग मॅनेजर नाव का सुचवतो? सोलापुरातल्या अक्कलकोट रोडवरचा एखादा टॉवेल कारखानदार घ्या. त्याला 30 लाखांचं कॅश क्रेडिट हवंय. माल 40 लाखांचा, पण त्यातल्या 12 लाखांच्या सुताचे पैसे द्यायचेत, आणि उधारीचा माल बँक धरत नाही. उरले 28 लाख. बँकेचं मार्जिन, म्हणजे कारखानदारानं स्वतः घालायचा हिस्सा, 25 टक्के धरलं, तर मालावर उचल मिळते 21 लाखच. त्याला लोकांकडून येणं असलेल्या उधारीचा हिशेब वेगळा. उधारीचं सूत लपवणारा सीए त्या दिवशी गिऱ्हाइकाला गोड वाटतो, पण गोदाम तपासणीत बिंग फुटतं आणि खुलासा मॅनेजरला द्यावा लागतो. 21 लाखांचा आकडा गिऱ्हाइकाला आधीच तोंडावर सांगणाऱ्याची फाईल परत येत नाही. पुढचं गिऱ्हाईक त्याच्याकडे जातं ते यामुळे.

दोन पथ्यं मात्र पाळावीत. गिऱ्हाइकाच्या संमतीशिवाय त्याची माहिती बँकेला देऊ नये. आणि ऑडिट दुसऱ्या सीएकडून येत असेल, तर स्वीकारण्याआधी त्याला लेखी कळवावं. दिवाळीच्या मिठाईनं यातलं काहीच भरून निघत नाही.